पहिलं ॲप लाइव्ह करताना

लॅपटॉपवर नीट चालणारं ॲप इतरांना वापरता यावं, तर ते इंटरनेटला कायम जोडलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावर ठेवावं लागतं. हे पहिल्यांदाच करणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. एक शेअर्ड होस्टिंग, दुसरी व्हीपीएस म्हणजे आभासी सर्व्हर, आणि तिसरी मॅनेज्ड प्लॅटफॉर्म. बहुतेक जण महिन्याचं भाडं बघून ठरवतात. त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: ॲपचा प्रोग्राम सतत चालू राहावा लागतो का, आणि आलेली माहिती तो कुठे लिहून ठेवतो?

समजा, तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी एका विद्यार्थिनीने देवघेवीचं ॲप लिहिलं आहे. सभासदांची यादी, कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, ते परत कधी येणार आणि मुखपृष्ठांचे फोटो, एवढंच त्यात आहे. ॲप पायथॉनमध्ये, जँगो वापरून केलेलं आहे. जँगोच्या मूळ रचनेप्रमाणे सगळ्या नोंदी `db.sqlite3` नावाच्या एकाच फाइलमध्ये जातात, आणि फोटोंसाठी तिने `media` हा फोल्डर ठेवला आहे. दिवसाला शंभरएक नोंदी होतात. सर्व्हरवर येणारा भार म्हणाल तर तो किरकोळच.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांच्या साइट असतात. ही व्यवस्था मुख्यतः पीएचपीच्या साइटसाठी घडत गेली. `public_html` या फोल्डरमध्ये फाइली टाकल्या की काम होतं, कारण पीएचपीची फाइल मागणी येईल तेव्हा चालते आणि उत्तर देऊन संपते. वाचनालयाला फक्त वेळा, पत्ता आणि नव्या पुस्तकांची यादी दाखवणारी वर्डप्रेसची साइट हवी असती, तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. जँगोचं तसं नाही. त्याचा प्रोग्राम मेमरीत बसून मागण्यांची वाट बघत असतो, आणि असे प्रोग्राम चालवायला पुष्कळ शेअर्ड होस्टिंगवर मुभा नसते. काही ठिकाणी सीपॅनेलमध्ये `Setup Python App` हा पर्याय असतो. तिथे जँगो चालतं, डिस्क कायमची असल्याने नोंदीही टिकतात. पण पायथॉनची कोणती आवृत्ती मिळेल हे होस्टिंगवाला ठरवतो, आणि आपल्या वाट्याची मर्यादा ओलांडली की पुष्कळदा पडद्यावर `508 Resource Limit Is Reached` असं दिसतं. म्हणून पैसे भरण्याआधी हा पर्याय आहे का, हे विचारून घ्यावं.

व्हीपीएसमध्ये एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने भाग पाडलेले असतात आणि त्यातला एक भाग पूर्णपणे आपल्या ताब्यात येतो. हाती येतं ते बहुधा नुसतं उबुंटू आणि रूटचा अधिकार. पुढचं सगळं आपण बसवायचं. बाहेरून येणारी मागणी घ्यायला एनजिनएक्स, त्यामागे जँगो चालवायला गनिकॉर्न, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला की गनिकॉर्नही आपोआप उठावं म्हणून सिस्टमडीची सर्व्हिस. नवखी मुलं इथे हमखास `python manage.py runserver 0.0.0.0:8000` चालवतात. साइट दिसते, आनंद होतो, आणि लॅपटॉप बंद केला की साइटही जाते, कारण तो प्रोग्राम त्यांच्या एसएसएच जोडणीबरोबरच संपलेला असतो. `502 Bad Gateway` दिसलं तर एनजिनएक्स जिवंत आहे पण मागच्या गनिकॉर्नकडून धड उत्तर येत नाही, असं समजावं आणि `journalctl -u gunicorn` बघावं. अर्थात, आपण सर्व्हिसला जे नाव दिलं असेल तेच तिथे लिहायचं.

हे सगळं शिकता येतं आणि शिकावंच. खरा प्रश्न त्यानंतरच्या महिन्यांचा आहे. नव्या सर्व्हरचा `/var/log/auth.log` उघडून बघा. पासवर्डने लॉगिन चालू असेल, तर थोड्याच वेळात त्यात अनोळखी ठिकाणांहून आलेल्या `Failed password for root` अशा ओळींची रांग दिसते. ती माणसं नव्हेत, इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता ठोठावत फिरणारे प्रोग्राम आहेत. म्हणून पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त एसएसएच की ठेवायची, फायरवॉल लावायची, सुरक्षेचे अपडेट वेळेवर घ्यायचे, डिस्क भरत नाही ना हे पाहायचं, आणि बॅकअप दुसऱ्या जागी ठेवायचा. विद्यार्थिनीची परीक्षा चालू असताना हे कोण करणार, याचं उत्तर नसेल तर चाळीस वर्षांच्या वाचनालयाचे सभासद या सर्व्हरवर ठेवू नयेत.

तिसरी वाट मॅनेज्ड प्लॅटफॉर्मची. २००७ मध्ये सुरू झालेल्या हेरोकूने ती रुळवली, आणि आज रेंडरसारख्या सेवा त्याच पद्धतीने चालतात. आपण गिटमधून कोड पाठवायचा आणि तो कसा सुरू करायचा ते एका ओळीत सांगायचं. हेरोकूवर ती ओळ `Procfile` या फाइलमध्ये लिहितात:

```
web: gunicorn vachanalay.wsgi
```

सर्व्हरचे अपडेट, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र, प्रोग्राम पडला तर पुन्हा उठवणं, हे सगळं प्लॅटफॉर्म बघतो.

पण आपल्या ॲपला सगळ्यात मोठा धोकाही इथेच आहे. हेरोकूवर ॲपला मिळणारी डिस्क तात्पुरती असते. नवा कोड पाठवला की आणि एरवीही साधारण दिवसातून एकदा ॲप नव्याने सुरू होतं, आणि त्या वेळी डिस्कवर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. `db.sqlite3` गिटमध्येच गेली असेल तर लक्षण फसवं असतं. साइट व्यवस्थित उघडते, जुने सभासद दिसतात, पण कालच्या नोंदी नसतात, कारण फाइल गिटमध्ये टाकली त्या दिवसाच्या स्थितीला परत गेलेली असते. एररही येत नाही. ग्रंथपाल मात्र आपणच नोंद करायला विसरलो असं समजत राहतात. (सभासदांचे फोन नंबर असलेली फाइल गिटमध्ये असूच नये. ती आधी `.gitignore` मध्ये घालावी.)

उपाय सरळ आहे. प्लॅटफॉर्मच्याच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नोंदी ठेवायच्या आणि त्याचा पत्ता जँगोला `DATABASE_URL` मधून द्यायचा. फोटो वेगळ्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवायचे, किंवा जिथे कायमची डिस्क पैसे देऊन जोडता येते तिथे ती जोडायची. मग ॲप कितीही वेळा नव्याने सुरू झालं तरी नोंदी जागेवर राहतात.

फुकटच्या योजनेवर मात्र विसंबू नये. हेरोकूने आपली फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली. रेंडरच्या फुकट योजनेत १५ मिनिटं कोणी आलं नाही की ॲप झोपतं, आणि पुढच्या माणसाला ते जागं होईपर्यंत थांबावं लागतं. मित्रांना दाखवायला हे चालेल. पुस्तक घेऊन काउंटरसमोर माणूस उभा असताना चालणार नाही.

या वाचनालयासाठी माझं मत स्पष्ट आहे: मॅनेज्ड प्लॅटफॉर्मची सगळ्यात लहान सशुल्क योजना आणि तिच्याबरोबर पोस्टग्रेस. व्हीपीएस शिकायचाच असेल तर तो वेगळा घ्यावा आणि त्यावर कोणाचीही खरी माहिती नसलेलं ॲप चालवावं.

जागा कोणतीही निवडा, ग्रंथपालांच्या हाती ॲप देण्याआधी एक चाचणी करा. दोन-तीन खोट्या नोंदी घाला, एक फोटो चढवा, ॲप रीस्टार्ट करा आणि दोन दिवसांनी ते सगळं जागेवर आहे का ते बघा. मग डेटाबेसची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवा:

```
pg_dump "$DATABASE_URL" > prat.sql
```

ती प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून ॲप चालतं का, हेही पाहा. तेवढं जमलं की जागा पुढे कधीही बदलता येईल.