अर्धीवरून थेट दीड गोळी: एचआयव्हीबाधित बाळांच्या औषधाचं गणित

असं समजा, की एचआयव्हीची लागण झालेल्या एका तान्ह्या बाळाचं वजन मागच्या महिन्यात ५ किलो ८०० ग्रॅम होतं. डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाची अर्धी गोळी रोज द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. या महिन्यात काट्यावर ६ किलो १०० ग्रॅम भरले आणि डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, 'रोज दीड गोळी'. वजन वाढलं जेमतेम ३०० ग्रॅम आणि औषध झालं तिप्पट. लिहिताना काही चुकलं तर नाही ना, अशी शंका आईच्या मनात येणं साहजिक आहे.

चुकलेलं काही नाही. उलट कुणी 'एवढं कशाला, एक गोळी पुरे' असं म्हणून डोस कमी केला, तर तीच चूक ठरेल.

डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरच्या आजच्या उपचारांतलं मुख्य औषध आहे. विषाणूला शरीरातल्या पेशीच्या जनुकांत आपला दुवा जोडायचा असतो. त्यासाठी तो जे विकर वापरतो त्याचं काम हे औषध बंद पाडतं. दिवसातून एकदाच घ्यावं लागतं, त्रास कमी होतो आणि त्याला दाद न देणारा विषाणू तयार व्हायला वेळ लागतो. मोठ्यांना ते आधी मिळालं. लहान मुलं मात्र बराच काळ लोपिनॅव्हिर-रिटोनॅव्हिरच्या सिरपवर होती. ते सिरप कमालीचं कडू, त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल आणि वर थंड जागी ठेवण्याची कटकट. तान्ह्या बाळाला दिवसातून दोनदा ते पाजणं किती जिकिरीचं असतं, हे ज्या आयांनी केलं त्यांनाच ठाऊक.

हे चित्र पालटलं ते युगांडा, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युरोपातल्या मुलांवर झालेल्या 'ओडिसी' या मोठ्या चाचणीमुळे. तिच्या मुख्य भागात १४ किलो आणि त्याहून अधिक वजनाची ७०७ मुलं होती. ९६ आठवड्यांत डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के मुलांत उपचार अपयशी ठरला, तर इतर औषधं घेणाऱ्यांत हेच प्रमाण २२ टक्के होतं. त्याहून लहान बाळांचाही वेगळा अभ्यास झाला. मग २०२० च्या अखेरीस १० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी, मधोमध रेघ असलेली आणि स्ट्रॉबेरीच्या स्वादाची गोळी आली. ती बनवणाऱ्या पहिल्या दोन कंपन्यांपैकी एक, मॅक्लिओड्स, आपल्या मुंबईची. एका मुलाच्या उपचाराचा वर्षाचा खर्च सुमारे ४८० डॉलरवरून १२० डॉलरच्या खाली उतरला.

आता डोसचं कोष्टक पाहू. बाळ किमान चार आठवड्यांचं आणि किमान ३ किलोचं असावं लागतं. ३ किलोपासून ६ किलोच्या आतल्या बाळाला १० मिलिग्रॅमची अर्धी गोळी. ६ ते १० किलोच्या आत दीड गोळी. १० ते १४ किलोच्या आत दोन. १४ ते २० किलोच्या आत अडीच. आणि २० किलो झाले की मोठ्यांचीच ५० मिलिग्रॅमची एक गोळी. सगळं दिवसातून एकदाच.

प्रत्येक मुलासाठी किलोमागे इतके मिलिग्रॅम असा हिशेब न करता असे वजनगट का केले? जिथे एकच परिचारिका दिवसभरात कितीतरी मुलं तपासते, तिथे गुणाकार-भागाकारात चुका होतात. भिंतीवरच्या तक्त्यात वजन पाहून गोळ्यांची संख्या वाचणं सोपं आणि सुरक्षित असतं. गटाच्या खालच्या टोकाच्या मुलाला औषध जास्त होऊ नये आणि वरच्या टोकाच्या मुलाला कमी पडू नये, हे रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजून तपासलेलं असतं.

मग ६ किलोवर एवढी उडी का? सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचं यकृत पुरतं तयार झालेलं नसतं. डोल्युटेग्रॅव्हिर शरीराबाहेर टाकायचं काम यकृतातलं एक विशिष्ट विकर करतं आणि जन्मतः ते अगदी कमी असतं. त्यामुळे पाच मिलिग्रॅमचा छोटा डोसही बाळाच्या रक्तात बराच वेळ टिकतो. पुढच्या काही महिन्यांत हे विकर झपाट्यानं वाढतं आणि औषध भराभर बाहेर जायला लागतं. साधारणपणे याच सुमारास बाळ ६ किलोचा टप्पा ओलांडतं. म्हणजे काट्यावर वजन वाढलेलं दिसतं, पण डोस तिप्पट होण्यामागचं खरं कारण पक्व होणारं यकृत असतं. आकड्यांतही ते दिसतं. ५ किलो ८०० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा कमी औषध मिळतं, तर ६ किलो १०० ग्रॅमच्या बाळाला जवळपास अडीच.

म्हणूनच सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे जुन्या वजनावर औषध देत राहणं. बाळ साडेसहा किलोचं झालं आणि तरी अर्ध्या गोळीवरच राहिलं, तर त्याला हव्या त्या औषधाचा तिसरा हिस्साच मिळतो. बाहेरून काहीच कळत नाही. बाळ हसतं, खेळतं, दूध पितं. रक्तात मात्र विषाणू वाढायला मोकळा होतो.

दुसरी उडी २० किलोवर आहे आणि तिचं कारण निराळं आहे. साडेएकोणीस किलोच्या मुलाला विरघळणाऱ्या गोळीतून २५ मिलिग्रॅम मिळतात. वीस किलो झाले की एकदम ५० मिलिग्रॅमची गोळी. पण विरघळणाऱ्या गोळीतलं औषध शरीरात अधिक शोषलं जातं. तिचे ३० मिलिग्रॅम हे मोठ्यांच्या गोळीच्या सुमारे ५० मिलिग्रॅमच्या तोडीचे असतात. म्हणून २० किलोच्या मुलाला गिळायला जमत नसेल तर डॉक्टर विरघळणाऱ्या तीन गोळ्या देतात, पाच नव्हे. याच कारणानं बाळासाठी मोठ्यांची ५० ची गोळी कुटून तिचा तुकडा देणं चुकीचं. ही दोन औषधं मिलिग्रॅमच्या आकड्यावरून एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

डोल्युटेग्रॅव्हिर एकटं कधीच दिलं जात नाही. लहान मुलांत त्याच्या जोडीला बहुधा अबॅकॅव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन एकत्र असलेली विरघळणारी गोळी असते. १२० आणि ६० मिलिग्रॅमची ही जोडगोळी असेल, तर ६ किलोपासून २० किलोपर्यंत दोन्ही गोळ्यांची संख्या सारखीच येते: दीडला दीड, दोनाला दोन, अडीचला अडीच. फसगत होते ती पहिल्या गटात. तिथे डोल्युटेग्रॅव्हिरची अर्धी गोळी, पण जोडगोळी पूर्ण एक. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली की एक औषध दुप्पट जातं आणि दुसरं निम्मं. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'अर्धी' आणि 'एक' असं लिहून घ्यावं. आता तिन्ही औषधं एकाच विरघळणाऱ्या गोळीत असलेला प्रकारही निघाला आहे. त्यात डोल्युटेग्रॅव्हिर ५ मिलिग्रॅमच असतं, म्हणून गोळ्यांची संख्या वेगळी येते. ६ किलोपासून तीन, १० पासून चार, १४ पासून पाच आणि २० ते २५ किलोच्या आत सहा. बाटली बदलली की जुना आकडा सोडून द्यायचा.

घरी द्यायची रीत सोपी आहे. हात धुऊन कोरडे करायचे. अर्धी हवी असेल तर गोळी रेघेवर मोडायची आणि उरलेली अर्धी त्याच बाटलीत ठेवून झाकण घट्ट लावायचं, कारण दमट हवेनं गोळ्या खराब होतात. छोट्या कपात साधारण दोन चमचे स्वच्छ पाणी घेऊन त्यात गोळ्या टाकायच्या, ढवळून पूर्ण विरू द्यायच्या आणि अर्ध्या तासाच्या आत पाजायच्या. मग त्याच कपात थोडं पाणी घालून खळबळून तेही पाजायचं, कारण तळाशी साका राहतो आणि औषध त्यातच असतं. पाजल्यावर अर्ध्या तासात बाळानं सगळं ओकलं, तर डोस पुन्हा द्यायचा.

आपल्याकडे दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात. पहिली क्षयरोग. त्यावरच्या रिफाम्पिसिनमुळे यकृत डोल्युटेग्रॅव्हिर फार वेगानं बाहेर टाकतं. अशा वेळी वजनगटाचा तोच डोस दिवसातून एकदा न देता बारा तासांच्या अंतरानं दोनदा द्यावा लागतो. १० किलो ४०० ग्रॅमच्या मुलाला क्षयरोगाचा उपचार सुरू झाला, तर सकाळी दोन आणि रात्री दोन गोळ्या. जोडगोळी पूर्वीसारखी एकदाच. रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे हे चालू ठेवायचं, मग पुन्हा दिवसातून एकदा. क्षयरोगाची आणि एआरटीची औषधं वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळत असतील, तर दोन्हीकडे दुसऱ्या औषधाबद्दल सांगायलाच हवं.

दुसरी गोष्ट लोहाची. सहा महिन्यांवरच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप देतात. लोह, कॅल्शियम आणि झिंक डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात जात नाही. सिरप बंद करायचं कारण नाही. सकाळी एचआयव्हीचं औषध आणि संध्याकाळी लोह, एवढं केलं तरी पुरतं.

औषध पुरेसं पोचतंय का, हे कळायचा भरवशाचा मार्ग एकच. तो म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, म्हणजे व्हायरल लोड. उपचार सुरू केल्यावर सहा महिन्यांनी ती केली जाते. आकडा हजाराच्या वर आला तर लगेच औषध बदलायची घाई करत नाहीत. आधी वजन आणि डोस जुळतो का, गोळ्या चुकल्या का, लोह किंवा क्षयरोगाचं औषध आडवं आलं का, हे पाहतात. पुष्कळदा दोष औषधात नसतो, तो कार्डावरच्या जुन्या वजनात सापडतो.

म्हणून एआरटी केंद्रात जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला, आजी-आजोबांना आणि मुलांना सांभाळणाऱ्या ताईंना एवढंच सांगणं आहे. मूल दर वेळी काट्यावर ठेवा, आजचं वजन आजच्या तारखेनं लिहून घ्या आणि औषधाची बाटली हातात घेण्याआधी विचारा: 'या वजनाला आता किती गोळ्या?'