मीडिया किटमधला दिवाळीचा आकडा

ब्लॉगर ब्रँडला जे मीडिया किट पाठवतात, त्याच्या पहिल्याच पानावर बहुधा एक दणदणीत आकडा असतो: ‘महिन्याला एक लाख व्ह्यूज’. पण एकाच वाचकाने दहा पानं उघडली की दहा व्ह्यूज होतात. ब्रँडला मोजायची असतात माणसं, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्समधले ‘अ‍ॅक्टिव्ह यूझर्स’.

समजा, मराठी पाककृतींचा ब्लॉग लिहिणाऱ्या एका बाईंना लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या कंपनीकडे जायचं आहे. एरवी त्यांचे वाचक महिन्याला १८ हजार, दिवाळीच्या महिन्यात मात्र ६० हजार, चकल्या-शंकरपाळ्यांची कृपा! मोठा आकडा नेहमीचा म्हणून खपवला, तर मार्चमधल्या जाहिरातीनंतर पितळ उघडं पडणार. सरासरी काढली, तर हातातला हुकमाचा पत्ताच हरवणार, कारण तेल कंपनीला तळणीचा हंगामच हवा असतो. तेव्हा दोन्ही आकडे महिन्यासकट वेगळे लिहावेत आणि प्रस्ताव दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी पाठवावा.

शहरांच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. ठिकाण आयपी पत्त्यावरून ठरतं, त्यामुळे मोबाइलवर वाचणारी सातारची वाचक मुंबईची दिसू शकते. राज्यापुरतं बोललेलं बरं.

नमुन्यादाखल सुंदर फोटोंचं पान सगळेच जोडतात. या बाईंनी जुना एकच प्रायोजित लेख निकालासकट दाखवावा: तीन महिन्यांत १,४०० जणांनी वाचला, त्यांतल्या ७० जणांनी दुव्यावर टिचकी मारली. आकडे लहान दिसतात, पण दर ठरतो तो यांवरच. लेखाचे १४ हजार रुपये मागितले, तर समोरचा लगेच हिशेब करतो: वाचकामागे दहा रुपये, टिचकीमागे दोनशे. हे महाग वाटेल, म्हणून त्या रकमेत काय काय आहे ते फोडून सांगावं लागतं: पदार्थ करून पाहणं, फोटो, लेखन, दोनदा दुरुस्ती. कंपनीला तेच फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे असतील, तर त्याचे पैसे वेगळे आणि मुदत ठरलेली. वर्षभर दुसऱ्या तेलाबद्दल लिहायचं नाही, अशी अट असेल तर तिचेही. या दोन ओळी दरपत्रकात नसल्या, की फोटो वर्षानुवर्षं फुकट फिरतात. ‘पैसे नाहीत, तेलाचे डबे पाठवतो’ असं उत्तरही येईल; त्यावर काय म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवावं.

शेवटी एक ओळ नियमांची. लेख प्रायोजित आहे हे वाचकाला सुरुवातीलाच सांगितलं जाईल आणि कंपनीच्या दुव्याला `rel="sponsored"` लावलं जाईल. गूगलच्या क्रमवारीत वर चढायला दुवा विकत घेऊ पाहणारे काही जण ही ओळ वाचूनच परत फिरतात. त्यांच्याशी घासाघीस करण्याचा वेळ वाचतो.