पाच रचना, पंचेचाळीस मिनिटं आणि एक मंद चाललेलं यंत्र

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझ अल्बम ऑगस्ट १९५९मध्ये बाजारात आला. त्यात पाचच रचना आहेत. आज मिळणाऱ्या सीडीवर त्यांची लांबी अशी दिसते: ‘सो व्हॉट’ ९:२२, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ९:४६, ‘ब्लू इन ग्रीन’ ५:३७, ‘ऑल ब्लूज’ ११:३३ आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’ ९:२६. अख्खा अल्बम किती वेळ चालतो, हा प्रश्न चौथीतल्या मुलालाही सुटावा. तरी मोठी माणसं त्यात हमखास अडखळतात, कारण हातात कॅल्क्युलेटर असतो.

कॅल्क्युलेटरवर ९.२२, ९.४६ असे आकडे टाकत गेलात की बेरीज येते ४४.६४. चौसष्ट सेकंद बघून शहाणा माणूस म्हणतो, त्यातलं एक मिनिट काढू या, म्हणजे झाली ४५ मिनिटं ४ सेकंद. हेही चूकच. मघाशी सेकंदांची खरी बेरीज १६४ झाली होती आणि त्यातल्या शंभरांचा कॅल्क्युलेटरने गुपचूप एक हातचा घेतला. मिनिट साठ सेकंदांचं, त्यामुळे त्या हातच्यात चाळीस सेकंद गडप झाले. असे हातचे जितके, तितके चाळीस सेकंद कमी. सरळ रस्ता म्हणजे मिनिटं वेगळी मिळवायची (४३), सेकंद वेगळे मिळवायचे (१६४), आणि १६४ला साठाने भागायचं. दोन मिनिटं आली, ४४ सेकंद उरले. एकूण ४५:४४.

एक्सेलची गंमत वेगळीच. त्यात 9:22 टंकलं की तो त्याला नऊ तास बावीस मिनिटं समजतो. पाचांची बेरीज मागितली की उत्तर दिसतं 21:44, कारण चोवीस तास पुरे झाले की त्याचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्या चौकटीचं स्वरूप `[h]:mm` केलं की 45:44 दिसतं. आत ते अजूनही तासच असतात, पण आपलं काम भागतं.

एलपीच्या जमान्यात ही बेरीज बाजूनिहाय करावी लागे. पहिल्या बाजूला पहिल्या तीन रचना, म्हणजे २४:४५. दुसऱ्या बाजूला दोन, २०:५९. एका बाजूवर जितका वेळ कोंबावा तितक्या खाचा जवळजवळ येतात आणि आवाज दबका कापावा लागतो. म्हणून रचनांचा क्रम ठरवताना निर्मात्याच्या डोक्यात हा हिशेब असतोच.

आता एका रचनेच्या आत शिरू. ‘सो व्हॉट’ची लय साधारण १३६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १३६ ठोके अशी धरतात. एका ठोक्याला ६० भागिले १३६, म्हणजे ०.४४ सेकंद लागतात. एका बारमध्ये चार ठोके, म्हणून बार झाला १.७६ सेकंदांचा. या रचनेचं आवर्तन ३२ बारचं असतं. एक आवर्तन म्हणजे १२८ ठोके, आणि त्याला साडेछप्पन्न सेकंद लागतात.

एवढ्यावरून रेकॉर्डचा नकाशा काढता येतो. सुरुवातीला पियानो आणि बासचा संथ, लयीत न बांधलेला तुकडा आहे. मग एक आवर्तन मूळ धून, त्यानंतर डेव्हिसची ट्रम्पेटवर दोन आवर्तनं, जॉन कोल्ट्रेनची दोन, कॅननबॉल ॲडर्लीची दोन, बिल एव्हान्सचं पियानोवर एक, आणि शेवटी परत धून. झाली नऊ आवर्तनं, ११५२ ठोके. त्यांना १३६ने भागलं की येतात ८ मिनिटं २८ सेकंद. सीडीवरच्या ९:२२मधून ती वजा केली तर ५४ सेकंद उरतात. सुरुवातीचा मोकळा तुकडा आणि शेवटी विरत जाणारे बार त्यात आरामात बसतात. हिशेब जुळला.

इथे एक पथ्य पाळावं लागतं. बारची लांबी ‘पावणेदोन-एक सेकंद’ अशी सोपी करून आधीच १.८ धरली असती, तर नऊ आवर्तनांच्या २८८ बारांमध्ये दहा सेकंदांचा फरक पडला असता. एका बारला तो जाणवतही नाही. म्हणून आधी सगळे ठोके मोजावेत आणि भागाकार शेवटी एकदाच करावा. अर्थात हाडामांसाची माणसं वाजवतात तेव्हा लय जरा पुढे-मागे होते, त्यामुळे सेकंदाच्या दशांशापर्यंत जाण्यात काही हशील नाही.

दुसरी गफलत ठोका कुठला धरायचा यात होते. ‘ऑल ब्लूज’ सहाच्या वजनात आहे. आपल्याकडे दादरा ऐकणाऱ्याला हे नवं नाही: सहा मात्रा मोजा, नाहीतर तीन-तीनचे दोन झोके मोजा. मिनिटाला १२० मात्रा असतील तर सहा मात्रांना तीन सेकंद लागतात. झोके मोजले तर लय भरते ४०, आणि दोन झोक्यांनाही तीनच सेकंद. पण ४०चा आकडा घेऊन त्याला सहाने गुणलंत तर बार नऊ सेकंदांचा होतो. उत्तर तिप्पट किंवा दुप्पट आलं की समजावं, गणित बरोबर आहे, ठोका चुकलाय.

या अल्बमच्या बाबतीत मात्र एक चूक कुणाच्याही मोजणीत नव्हती. कोलंबियाच्या न्यू यॉर्कमधल्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत २ मार्च १९५९ रोजी पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रित झाल्या. दोन टेप यंत्रं एकाच वेळी चालू होती. त्यातलं मुख्य यंत्र किंचित मंद फिरत होतं. मंद फितीवर घेतलेलं संगीत नंतर योग्य वेगाने वाजवलं की ते जलद पळतं. एलपी त्याच फितीवरून निघाली, त्यामुळे त्या तीन रचना सुमारे पाव स्वर चढ्या ऐकू येत राहिल्या. पाव स्वर म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं निम्मं अंतर, आणि वेगात मोजलं तर तीनेक टक्के.

फितीचा वेग बदलला की स्वर, लय आणि लांबी तिन्ही एकदम बदलतात. १३६ची लय १४०वर जाते. साडेछप्पन्न सेकंदांचं आवर्तन पंचावन्नवर येतं. ९:२२ची रचना सोळाएक सेकंदांनी आखूड होते, आणि पहिली अख्खी बाजू चाळीसेक सेकंदांनी. रेकॉर्ड लावून सोबत वाजवू पाहणाऱ्यांचा पियानो तिच्याशी जुळेना. दोष पियानोचा नव्हता. १९९२मध्ये दुसऱ्या, योग्य वेगाने फिरलेल्या यंत्रावरची फीत वापरून ही चूक दुरुस्त झाली. तोवर तेहतीस वर्षं गेली होती.

दुसऱ्या बाजूच्या दोन रचना २२ एप्रिलच्या सत्रातल्या, त्यांचा वेग पहिल्यापासून ठीक होता. म्हणून एखाद्याकडे जुनी एलपी आणि नवी सीडी दोन्ही असतील, तर घड्याळ लावून पाहावं. प्रत्येक आवर्तन सारख्याच प्रमाणात आखूड निघालं तर यंत्राचा वेग चुकलाय. एखाद्याच ठिकाणी तूट आली तर काहीतरी कापलं गेलंय. आणि शेवटच्या काही सेकंदांतच फरक असेल, तर आवाज विरवताना कुणीतरी हात लवकर खाली आणलाय.