माळ उजाड का होतो?

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. कल्याणच्या शेजारचे हे ठिकाण. इथे पावसाळ्यात सुमारे १०० इंच पाऊस पडतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि बरेचसे इकडेच रिते होतात. घाटापलीकडे, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तिथे वर्षाला जेमतेम १५-१६ इंच पाऊस. हल्ली हवा तापत चालली आहे. त्यामुळे ऊन जमिनीतली ओल लवकर शोषून घेते.

पण नुसत्या कमी पावसाने जमीन मरत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर हिवरे बाजारचे डोंगर बोडके झाले. झाडे सरपणाला गेली, गवत गुरांनी खाल्ले. उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब आपटला की माती सुटते आणि ओढ्याने वाहून जाते. खाली राहतो मुरूम. त्यात ओल टिकत नाही, म्हणून गवत उगवत नाही. गवत नाही, म्हणून आणखी माती जाते. यालाच जमिनीचे वाळवंट होणे म्हणतात. त्याला वाळूच लागते असे नाही.

हे कसे ओळखावे? झाडाची मुळे उघडी पडतात. पाऊस पडताच ओढा गढूळ होऊन धावतो आणि लगेच आटतो.

१९८९ साली पोपटराव पवार तिथले सरपंच झाले. गावाने ठरवले : डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, झाड तोडायचे नाही. गवत विळ्याने कापून घरी न्यायचे. मग डोंगरउतारावर आडवे चर खणले.

चराचे गणित सोपे आहे. १० फूट लांब, २ फूट रुंद आणि १ फूट खोल चर एकदा भरला की त्यात ५६० लिटरच्या वर पाणी मावते. म्हणजे ३५ हून जास्त घागरी. ते पाणी हळूहळू जमिनीत मुरते. चराची माती खालच्या अंगाला टाकून तिच्यावर गवताचे बी पेरावे. काम डोंगरमाथ्यापासून सुरू करावे. खाली आधी खणले, तर वरचे लोंढे येऊन ते फोडतात.

चर मात्र एका पातळीत हवा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांना बांधा. दोन्ही काठ्यांवर पाणी जमिनीपासून सारख्या उंचीवर आले, की त्या दोन जागा एका पातळीत. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर माप चुकते. चर एका बाजूला उतरता झाला, तर पाणी तिकडेच धावते, बांध फुटतो आणि नवी घळ पडते.

एवढे करूनही पाणी उपसलेच, तर विहीर कोरडीच राहणार. म्हणून तिथे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असाही नियम झाला. दरवर्षी पाऊस मोजतात आणि गावसभेत पाण्याचा हिशेब मांडतात. पाऊस कमी झाला, तर जास्त पाण्याची पिके त्या वर्षी घेत नाहीत.