उत्तराचा पडताळा उत्तरातच

नववीच्या बीजगणितात बहुपदींच्या भागाकाराची सरावपत्रिका हातात पडली की मुलं गणित सोडवतात आणि लगेच शेवटच्या पानावरचं उत्तर बघायला धावतात. खरं तर या प्रकरणाची उत्तरं छापली नाहीत तरी चालेल, कारण पडताळा गणितातच असतो. तोही दोन तऱ्हांचा, आणि दोन्हींची ताकद सारखी नाही.

एकच गणित घेऊ: 2x³ − 5x + 3 ला x + 2 ने भागा.

या बहुपदीत x² चं पद नाही. म्हणून भागाकार मांडताना ती 2x³ + 0x² − 5x + 3 अशी लिहायची. आता 2x³ ला x ने भागून आले 2x². भाजकाला त्याने गुणून वजा केलं की उरतं −4x² − 5x. पुढचं पद −4x. गुणाकार −4x² − 8x. तो वजा केला की 3x, आणि खाली उतरवलेला 3. शेवटचं पद 3, गुणाकार 3x + 6, बाकी −3. म्हणजे भागाकार 2x² − 4x + 3 आणि बाकी −3.

पहिला पडताळा शेष सिद्धांताचा. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. त्यात x च्या जागी −2 घातलं की x + 2 शून्य होतं, त्यासरशी भागाकारही गळून पडतो आणि उरते ती फक्त बाकी. म्हणून मूळ बहुपदीत x = −2 घाला: −16 + 10 + 3 = −3. जुळलं. घाईत +2 घालणारे बरेच असतात. त्यांना 9 मिळतात आणि बरोबर सोडवलेलं गणित ते खोडून बसतात. भाजक शून्य करणारी किंमत घालायची, एवढंच लक्षात ठेवावं.

पण या पडताळ्याने फक्त बाकी तपासली जाते. भागाकार उतरवून घेताना कुणी −4x चं +4x केलं, तर शेष सिद्धांताला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे दुसरा पडताळा हवा, म्हणजे उलटा गुणाकार. (x + 2)(2x² − 4x + 3) सोडवलं की 2x³ − 5x + 6 येतं. त्यात −3 मिळवले की मूळ बहुपदी परत मिळते.

या गुणाकाराचा खरा फायदा उत्तर चुकतं तेव्हा कळतो. सर्वांत नेहमीची चूक चिन्हाची. −5x मधून −8x वजा करताना 3x ऐवजी −13x लिहिलं, तर भागाकार 2x² − 4x − 13 आणि बाकी 29 येते. गुणून बाकी मिळवली की हाती लागतं 2x³ − 21x + 3. मूळ बहुपदीशेजारी ठेवून बघा: x³ जुळतं, x² जुळतं, स्थिरपदही जुळतं, बिघडलंय फक्त x चं पद. म्हणजे चूक x च्या पदाची वजाबाकी केली त्याच पायरीवर आहे. सगळं गणित पुन्हा करायला नको. वेळ वाचवायला कुणी x = 0 घालून पडताळा घेईल, तर दोन्हीकडे 3 येतील आणि चुकलेलं उत्तर सहज सुटून जाईल.

दुसरी चूक 0x² विसरण्याची. संश्लेषक पद्धतीत ती फार होते, कारण तिथे नुसते सहगुणक मांडायचे असतात. 2, 0, −5, 3 ऐवजी 2, −5, 3 मांडले की भागाकार 2x − 9 आणि बाकी 21 येते. गुणून पाहिलं तर 2x² − 5x + 3 येतं. सहगुणक हुबेहूब तेच! नुसत्या आकड्यांवर नजर टाकणारा इथे हमखास फसतो. घातांकाकडे बघितलं तरच कळतं की आपण भलत्याच बहुपदीला भागलं.

आता अवयवांकडे येऊ. बाकी शून्य आली तर भाजक हा अवयव असतो; हा अवयव सिद्धांत. x + 2 ची बाकी −3, म्हणून तो अवयव नाही. हे भागाकार न करताही सांगता आलं असतं. सहगुणक पूर्णांक असतील, तर बहुपदी शून्य करणाऱ्या पूर्णांकाने स्थिरपदाला निःशेष भाग जावा लागतो, आणि 2 ने 3 ला जात नाही. तपासायच्या किमती फक्त चार: 1, −1, 3, −3. x = 1 घातलं की 2 − 5 + 3 = 0. म्हणजे x − 1 हा अवयव. त्याने भागून 2x² + 2x − 3 मिळतं. पुढे याचे अवयव पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत शोधत बसू नये: b² − 4ac ची किंमत इथे 28, आणि ती पूर्ण वर्ग नाही.

भाजक x² − 1 सारखा दुसऱ्या कोटीचा असला, तर बाकीतही x उरू शकतो आणि एक किंमत घालून ती सापडत नाही. तिथे x = 1 आणि x = −1 अशा दोन्ही किमती घालाव्या लागतात, नाहीतर सरळ गुणून पाहावं.