संशय वेगळा, पुरावा वेगळा

‘खरेदी अधिकारी ठेकेदाराशी संगनमत करून पैसे खातो.’ कंपनीतल्या गैरव्यवहाराची तक्रार अशा वाक्याने सुरू झाली, की चौकशी अधिकाऱ्याच्या हाती तपासण्यासारखं काहीच लागत नाही. उलट तक्रारदारावरच बदनामीचा आरोप होऊ शकतो. असा अहवाल पुन्हा लिहिताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा : हे मला कसं कळलं?

समजा, प्रकरण सिमेंटचं आहे. मग ‘वस्तुस्थिती’ या मथळ्याखाली लिहावं : ‘12 मार्चच्या बिलात 400 पोती आहेत (पुरावा 1). गेटच्या आवक नोंदवहीत त्या दिवशी 250 पोती आहेत (पुरावा 2, पान 37).’

‘ऐकीव माहिती’ वेगळी ठेवावी : ‘माल कमी आल्याचं ट्रकचालकाने मला 14 मार्चला सांगितलं.’ चालक असं बोलला, एवढंच तक्रारदाराला ठाऊक आहे. माल खरंच कमी आला का, हे तपासायचं आहे.

शेवटी ‘संशय’ : ‘माल न येताच बिल मंजूर झालं असावं. मात्र उरलेली 150 पोती थेट साइटवर उतरलेली असू शकतात. साइटची नोंदवही पाहावी.’ दुसरी शक्यता स्वतःच मांडल्याने तक्रार दुबळी होत नाही. चौकशीला पुढची दिशा मिळते.

पुराव्यांच्या यादीत प्रत्येक कागदाचा क्रमांक, तारीख, तो कसा मिळाला आणि मूळ प्रत कुठे आहे, हे नोंदवावं. मूळ कागद जागचा हलवू नये, त्यावर खुणाही करू नयेत. नाहीतर त्याच्या खरेपणावरच शंका घेतली जाते.