फिल्टरची ऑर्डर कशी ठरते?

माणसाचा आवाज सेकंदाला 16,000 नमुने घेऊन संगणकात साठवायचा आहे. आपल्याला 3.4 किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज हवा. पण 12.6 किलोहर्ट्‌झच्या वर काही शिरलं, तर नमुने घेताना ते दुमडून (16 वजा 12.6, म्हणजे 3.4) थेट आपल्या आवाजातच मिसळतं आणि मग वेगळं काढता येत नाही. म्हणून नमुने घेण्याआधीच लो-पास फिल्टर लावावा लागतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टीफन बटरवर्थ यांनी 1930 साली मांडलेला फिल्टर इथे सोयीचा आहे, कारण हव्या पट्ट्यात तो चढउतार करत नाही. त्याची ऑर्डर एकने वाढली, की पुढचा उतार दर दुप्पट वारंवारतेला सुमारे 6 डेसिबलने तीव्र होतो. मात्र तेवढे सुटे भागही वाढतात. म्हणून गरजेपुरतीच ऑर्डर घ्यायची.

गरज दोन आकड्यांत सांगतात. 3.4 किलोहर्ट्‌झला जास्तीत जास्त 1 डेसिबल घट चालेल, म्हणजे आवाजाची पातळी साधारण 11 टक्क्यांनी उतरेल. 12.6 किलोहर्ट्‌झला मात्र किमान 40 डेसिबल घट हवी, म्हणजे शंभरावा भागच उरावा. आता सूत्र:

```
n ≥ log[(10^(A2/10) − 1) / (10^(A1/10) − 1)] / (2·log(f2/f1))
```

A1 = 1, A2 = 40, f1 = 3.4, f2 = 12.6 घातले, की अंशस्थानी 4.587 आणि छेदस्थानी 1.138 येतात. उत्तर 4.03.

इथे 4 वर भागवण्याचा मोह होतो. पण चौथ्या ऑर्डरला 12.6 किलोहर्ट्‌झपाशी 39.6 डेसिबलच मिळतात. अट पाळायची तर 5 च घ्यावी लागते, कारण अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाकडेच न्यायचा.

पुढची चूक कटऑफमध्ये होते. अनेक जण 3.4 किलोहर्ट्‌झलाच कटऑफ ठेवतात. बटरवर्थची कटऑफला 3 डेसिबल घट असते, त्यामुळे 1 डेसिबलची अट तिथेच मोडते. पाचव्या ऑर्डरसाठी गणित केलं, तर कटऑफ 3.89 ते 5.02 किलोहर्ट्‌झमध्ये कुठेही चालतो. तो 4.4 वर ठेवला, तर 3.4 ला घट फक्त 0.3 डेसिबल आणि 12.6 ला सुमारे 45.7 डेसिबल. कपॅसिटरची किंमत थोडी इकडेतिकडे झाली तरी दोन्ही अटी टिकतात. वर ढकललेल्या पूर्णांकाचा हा खरा फायदा.

हेच काम सेकंदाला 8,000 नमुन्यांवर करायचं ठरवलं, तर थांबण्याची हद्द 4.6 किलोहर्ट्‌झवर येते आणि त्याच सूत्रातून 17.5, म्हणजे 18 वी ऑर्डर निघते. इतक्या टप्प्यांचा अ‍ॅनालॉग बटरवर्थ जुळवत बसणं व्यवहार्य नाही. उलट 32,000 नमुने घेतले, तर तिसरी ऑर्डर पुरते. तेव्हा ऑर्डर अवाढव्य आली, तर आधी दोन हद्दींमधलं अंतर वाढवता येतं का ते पाहावं. घट थोडी सैल करून तेवढा फरक पडत नाही.